हर्निया किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरसंबंध : किती दिवसांनी आणि कोणत्या स्थितीत

रुग्णालयातून घरी जाताना हाती पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या कधी घ्यायच्या, टाके कधी काढायचे, वजन कधी उचलायचे आणि गाडी कधी चालवायची हे बहुतेक वेळा लिहिलेले असते. पती-पत्नींनी पुन्हा शरीरसंबंध कधी सुरू करावेत याविषयी मात्र एक ओळही नसते. ओपीडीत हा प्रश्न विचारायचा तर सोबत मुलगा किंवा सासूबाई उभ्या असतात, बाहेर रांग असते आणि डॉक्टर पुढचा कागद हातात घेत असतात. म्हणून रुग्ण ‘सगळे नॉर्मल कधी होईल?’ असे मोघम विचारतो, ‘दीड-दोन महिन्यांनी’ असे तितकेच मोघम उत्तर येते आणि दोघांनाही विषय संपल्यासारखा वाटतो.

हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसांपेक्षा दुखण्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते, तर खुब्याचा सांधा बदलल्यानंतर दिवसांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक महत्त्व पायाच्या स्थितीला असते. या दोन शस्त्रक्रियांत सांभाळायची गोष्टच वेगळी असते. हर्नियाचे काम त्यामानाने सोपे असल्याने ते आधी पाहू आणि उरलेली जागा खुब्याला देऊ, कारण गैरसमज आणि धोका हे दोन्ही तिथे जास्त आहेत.

जांघेतल्या हर्नियानंतर

सर्वांत अधिक आढळणारा हर्निया जांघेतला असतो. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावते. सर्जन ती आत ढकलतो आणि त्या जागी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची जाळी बसवतो. ही शस्त्रक्रिया जांघेवर छेद घेऊन करता येते, तशीच दुर्बिणीद्वारेही करता येते. ‘जोर लागला तर जाळी सुटेल’ ही रुग्णाच्या मनातली मुख्य भीती असते. प्रत्यक्षात जाळी पहिल्या दिवसापासून धरून राहील अशाच रीतीने बसवलेली असते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीराच्या ऊती तिच्या छिद्रांमधून वाढून तिला आणखी घट्ट धरतात. पोटातला दाब सर्वाधिक वाढतो तो जोराने खोकताना आणि उडी मारताना. बद्धकोष्ठ असताना शौचाला कुंथण्याची जितकी काळजी रुग्णाने करायला हवी, तितकी सौम्य शरीरसंबंधांची करण्याचे कारण नाही.

मग थांबायचे कशासाठी? मुख्यतः दुखण्यासाठी आणि सुजेसाठी. पुरुषाच्या जांघेतून वृषणाकडे जाणारी जी दोरी असते, तिच्यात शुक्रवाहिनी, रक्तवाहिन्या आणि नसा असतात आणि सर्जनला नेमकी तीच बाजूला घेऊन काम करावे लागते. परिणामी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वृषणाची पिशवी सुजते आणि लिंगाच्या मुळाशी निळे-जांभळे डाग उमटतात. आत साकळलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरल्यामुळे हे घडते. दिसायला ते भयंकर असले तरी दोन-तीन आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरते. आतून आधार देणारी घट्ट चड्डी घातल्यास ओढ कमी जाणवते.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला साधारण एक ते दोन आठवड्यांत, तर छेद घेऊन झालेल्याला दोन ते तीन आठवड्यांत शरीरसंबंध सुसह्य वाटू लागतात. आपण तयार आहोत की नाही हे घरच्या घरीही ताडता येते. खोकला आला की हात आपोआप जांघेवर जातो का, अंथरुणात कूस बदलताना श्वास रोखून धरावा लागतो का, जिना चढताना ओढ बसते का, हे पाहावे. या तिन्ही गोष्टी विनासायास जमू लागल्या, जखम कोरडी असली आणि वेदनाशामक गोळीवाचून दिवस निघत असला, तर सुरुवात करायला सहसा हरकत नसते. सुरुवातीला रुग्णाने उताणे पडून राहणे सोयीचे ठरते. हातांवर शरीर तोलून धरायचे म्हटले की पोटाचे स्नायू ताणले जातात आणि ओढ नेमकी जखमेवर येते. जोडीदाराचे वजनही जखमेवर पडू देऊ नये.

पहिल्या काही वेळी वीर्यपतनाच्या क्षणी जांघेत किंवा वृषणात कळ येऊ शकते. त्या वेळी दोरी ओढली जाते आणि ती अजून सुजलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. हे बहुतेकांचे कमी होत जाते. थोड्या रुग्णांच्या बाबतीत मात्र नस जाळीत किंवा टाक्यात अडकल्याने दुखणे रेंगाळते. तीन महिन्यांनंतरही प्रत्येक वेळी कळ येत असेल तर ‘असेलच थोडे’ म्हणून गप्प न बसता सर्जनला ते स्पष्ट सांगावे, कारण त्यावर उपचार आहेत. जखमेखाली लागणारा कडक, दोरीसारखा उंचवटा म्हणजे हर्निया परतला असेही समजू नये. तो भरून येण्याचाच भाग असतो. खोकल्यावर फुगणारी आणि आडवे झाल्यावर नाहीशी होणारी गाठ दिसली तर मात्र तपासून घ्यावे. वृषणात एकाएकी असह्य वेदना, ताप, जखमेतून पू, किंवा आत न जाणारी दुखरी गाठ आणि सोबत उलट्या अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

हे सगळे जांघेतल्या साध्या हर्नियाबद्दल झाले. जुन्या ऑपरेशनच्या जखमेतून उद्भवलेल्या मोठ्या हर्नियाची शस्त्रक्रिया पोटाच्या भिंतीची मोठी पुनर्बांधणी असते, तिथे सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ थांबायला सांगतात. हा आकडा ज्याने आत पाहिले आहे त्या सर्जननेच ठरवायचा असतो.

खुब्याचा सांधा : नेमके काय सांभाळायचे

सांधेबदल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सत्तरीतले आजी-आजोबा येतात. गुडघ्याच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. खुब्याची गोष्ट आपल्याकडे निराळी आहे. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते कोसळणे, ज्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात, हे भारतात खुबा बदलण्याचे एक मोठे कारण आहे. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि अतिमद्यपान ही त्याची नेहमीची कारणे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने तिथे तेही कारण दिसते. तरुण पुरुषांत अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या कणा आणि सांधे ताठ करणाऱ्या आजारामुळे कधीकधी दोन्ही खुबे गोठून जातात. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारे पुष्कळ जण तिशी-चाळिशीतले, संसारात असलेले असतात आणि खुबा दुखत असल्यामुळे किंवा पाय उघडतच नसल्यामुळे त्यांचे शरीरसंबंध शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीच थांबलेले असतात. अशा माणसाला ‘दीड महिन्याने बघू’ एवढे सांगणे मला पुरेसे वाटत नाही.

नव्या सांध्यात कंबरेच्या हाडात एक वाटी बसवलेली असते आणि मांडीच्या हाडात रोवलेल्या दांड्याच्या टोकाला एक गोळा असतो. हा गोळा बहुधा 28, 32 किंवा 36 मिलिमीटर व्यासाचा असतो. तो वाटीत कशानेही कुलूपबंद केलेला नसतो. सांध्याभोवतीचे आवरण आणि आजूबाजूचे स्नायू त्याला जागेवर ठेवतात. शस्त्रक्रिया करताना आत शिरण्यासाठी सर्जनला हेच आवरण आणि काही स्नायू एका बाजूने उघडावे लागतात आणि शेवटी ते पुन्हा शिवले जातात. ती शिवण पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले सहा ते बारा आठवडे, सांधा त्या बाजूला कच्चा असतो. सांधा निखळण्याच्या बऱ्याच घटना पहिल्या तीन महिन्यांत घडतात त्या यामुळेच.

म्हणून ‘किती दिवसांनी?’ या प्रश्नाआधी ‘सांधा कोणत्या बाजूने उघडला?’ हा प्रश्न येतो. मागच्या बाजूने, म्हणजे कुल्ह्याकडून उघडला असेल तर सांधा मागे निखळण्याची भीती असते. मांडी काटकोनापेक्षा जास्त वर वाकली, ती शरीराच्या मध्यरेषेच्या पलीकडे गेली आणि सोबत पाय आतल्या बाजूला फिरला, की गोळ्याखालची मान वाटीच्या पुढच्या काठावर टेकते, तिथे तरफ लागते आणि गोळा मागून बाहेर निसटतो. या तीन हालचाली सुट्यासुट्या झाल्या तर एकवेळ निभावते, पण एकत्र आल्या की निभावत नाही. पुढच्या बाजूने, म्हणजे जांघेकडून उघडला असेल तर गणित नेमके उलटे होते. तिथे पाय शरीराच्या मागे जाणे आणि त्याच वेळी पाऊल बाहेरच्या बाजूला फिरणे हे धोक्याचे असते. याचा अर्थ असा की शेजारच्या काकांना सर्जनने सांगितलेली सुरक्षित स्थिती आपल्यासाठी घातक असू शकते. डिस्चार्ज कार्डात ‘पोस्टेरिअर’ म्हणजे मागून, ‘अँटेरिअर’ म्हणजे पुढून किंवा ‘लॅटरल’ म्हणजे बाहेरच्या बाजूने, यांपैकी कोणता शब्द आहे ते शोधावे. सापडला नाही तर विचारून लिहून घ्यावा.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा ठाऊक नसते. सांधा बसवल्यानंतर, जखम शिवण्यापूर्वी सर्जन टेबलावरच रुग्णाचा पाय वाकवून, आत-बाहेर फिरवून पाहतो. गोळा किती अंशांपर्यंत स्थिर राहतो आणि कुठे निसटू पाहतो हे त्याला त्या वेळी कळते. त्यामुळे ‘टेबलावर सांधा कितपत स्थिर होता?’ हा प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावा. गोळा मोठा असेल, सांधा पूर्ण वाकवून-फिरवूनही हलला नसेल, तर अनेक सर्जन आता बंधने बरीच सैल करतात. ज्यांच्या कंबरेच्या मणक्यांचे हाड जोडलेले आहे किंवा स्पॉन्डिलायटिसमुळे कणा ताठ झाला आहे, त्यांच्या बाबतीत उलट अधिक सावध राहावे लागते, कारण एरवी बसताना-वाकताना कंबर जी थोडी हालचाल आपल्याकडे घेते, ती अशा रुग्णात सगळी खुब्यावर येते.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा, एका 44 वर्षांच्या स्त्रीचा उजवा खुबा एव्हीएनमुळे बदलला आहे. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली आहे, गोळा 32 मिलिमीटरचा आहे आणि तिला मधुमेह किंवा हृदयविकार नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत हा विषय तिच्या स्वतःच्या मनातही फारसा येत नाही. ती वॉकरने चालते, रात्री दोन्ही पायांच्या मध्ये उशी घेऊन उताणी झोपते. टाके किंवा स्टेपल्स साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असते आणि ते अनेकांना महिनाभर किंवा थोडे अधिक घ्यावे लागते. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर इच्छा मंदावणे आणि पुरुष असल्यास वीर्यपतनाला फार वेळ लागणे हे त्या गोळीचे परिणाम असू शकतात. जवळ घेणे, हाताने सुख देणे यांना या काळातही बंदी नसते. बंदी असते ती पाय नको तसा वळण्याला.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ती वॉकरवरून काठीवर येते. दुखणे निम्म्याहून कमी झालेले असते आणि धोका वाढतो तो नेमका इथेच. दुखत नसल्यामुळे रुग्णाला सांधा पक्का झाल्यासारखा वाटतो, पण आतली शिवण अजून कोवळी असते. हर्नियात वेदना ही चांगली मार्गदर्शक होती, इथे ती नाही. काही सर्जन चौथ्या आठवड्यानंतर सुरक्षित स्थितीत परवानगी देतात, पुष्कळ जण सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात आणि काही जण तीन महिने म्हणतात. या स्त्रीने सहाव्या आठवड्याच्या तपासणीत एक्स-रे झाल्यावर विचारावे, हे उत्तम. समोर बोलायला संकोच वाटत असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारावे; पाय किती वाकतो आणि कसा वळतो हे तर थेरपिस्टच्याच हाताखाली रोज चाललेले असते.

परवानगी मिळाली असे धरू. आता काटकोन ओळखायचा कसा? उताणे पडल्यावर गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवले, तर मांडी तिरपी उभी राहते आणि ही स्थिती मर्यादेच्या आत असते. पाऊल गादीवरून उचलले आणि मांडी सरळ छताकडे उभी झाली की काटकोन पूर्ण होतो. गुडघा तिथून छातीकडे येऊ लागला की मर्यादा ओलांडली. हे आधी एकटीने, कपड्यांसह, दिवसाउजेडी दोन-चार वेळा करून पाहावे, म्हणजे आयत्या वेळी मोजमाप आठवत बसावे लागत नाही.

पहिल्या वेळेसाठी तिने उताणे पडावे, पाय थोडे अलग ठेवावेत आणि उजव्या मांडीखाली बाहेरच्या बाजूने एक उशी सरकवावी, म्हणजे पाय आधाराने टेकलेला राहतो आणि मांडी बाहेर धरून ठेवण्यासाठी स्नायूंना झगडावे लागत नाही. पावलाची बोटे छताकडे किंवा किंचित बाहेर असावीत, आत वळलेली नसावीत. पतीने आपला भार स्वतःच्या हातांवर आणि गुडघ्यांवर घ्यावा. तिचे पाय उचलून खांद्याकडे नेणे या काळात पूर्ण वर्ज्य. दुसरा पर्याय म्हणजे शस्त्रक्रिया न झालेल्या डाव्या कुशीवर झोपणे आणि पतीने पाठीमागून जवळ येणे. यात एक मेख आहे. कुशीवर झोपल्यावर वरचा उजवा पाय स्वाभाविकपणे पुढे आणि खाली घसरतो, म्हणजे मध्यरेषा ओलांडतो आणि आत फिरतो. म्हणून दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत भरेल अशी जाड उशी मध्ये हवीच; एकच उशी चेपत असेल तर दोन घ्याव्यात.

पतीच्या अंगावर गुडघे टेकून बसणे अनेकांना सौम्य वाटते, कारण हालचालीचा ताबा स्त्रीकडे राहतो. मागून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीसाठी मात्र ही स्थिती सुरुवातीला टाळण्यासारखी आहे. त्यात खुबा खोल वाकतो आणि पुढे झुकल्यावर काटकोन सहज ओलांडला जातो. घोटे बाहेर सरकले की मांडी आत फिरते. हात-गुडघ्यांवर ओणवे होण्याचीही तीच अडचण आहे. या दोन्हींसाठी बारा आठवड्यांनंतर सर्जनला विचारूनच पुढे जावे.

हाच रुग्ण पुरुष असता तर मार्ग थोडा सोपा होता. उताणे पडून पाय सरळ ठेवले आणि पत्नी वर असली, तर त्याचा खुबा जवळजवळ वाकतच नाही. तो वर असेल तेव्हाही खुबा फारसा वाकत नाही, पण दोन्ही गुडघ्यांवर आणि कोपरांवर भार समान ठेवावा लागतो आणि पावले आत वळू द्यायची नसतात. शस्त्रक्रिया पुढच्या बाजूने झालेल्या पुरुषाने मात्र वर असताना पाय मागे ताणून पाऊल बाहेर फिरवणे टाळावे. स्त्री-पुरुषांतला हा फरक नुसता अंदाज नाही. जिनिव्हातल्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन स्वयंसेवकांच्या हालचाली टिपून, त्या एमआरआयवरून संगणकात उभारलेल्या खुब्यांवर बसवून बारा स्थिती तपासल्या. स्त्रीच्या खुब्याला बहुतेक स्थितींत मोठ्या प्रमाणात वाकावे आणि उघडावे लागते, तर पुरुषाला मुख्यतः पाय बाहेर फिरवावा लागतो, असे त्यात दिसले. निरोगी तरुण खुब्यांवरचा आणि दोनच माणसांवरचा तो अभ्यास असल्याने त्याची मर्यादा उघड आहे, पण दिशा कळायला तो पुरेसा आहे.

पलंग, चादर आणि इतर बारीकसारीक

पुस्तकांत न सापडणारा एक मुद्दा आपल्या घरांचा आहे. खाली गादी घालून झोपण्याची सवय असलेल्या घरांत शरीरसंबंधापेक्षा जमिनीवर बसणे आणि तिथून उठणे जास्त धोक्याचे ठरते, कारण उठताना गुडघा छातीशी येतो आणि पाय वळतो. निदान तीन महिने पलंग हवा. त्याची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील. गादी कडक असावी. मऊ गादीत कंबर खाली रुतते आणि मांडी आपोआप वर येते.

पायाशी गोळा झालेली चादर किंवा पांघरूण ओढून घेण्यासाठी अंथरुणात बसून पुढे वाकणे ही हालचालही तितकीच वाईट आहे. संबंधाच्या वेळी दोघेही सांभाळून असतात आणि नंतर, सैल झालेल्या क्षणी, रुग्ण नेमके हेच करतो. पांघरूण आधीच हाताशी ठेवावे, खाली पडलेले कपडे जोडीदाराने उचलून द्यावेत. पलंगावरून उतरताना शस्त्रक्रिया झालेल्या पायावर पिळा घेऊन उभे राहू नये, पाऊल उचलून वळावे.

तरुण स्त्रियांनी गर्भनिरोधनाचाही विचार आधी करावा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो आणि शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे त्या दृष्टीने मुळातच नाजूक असतात. म्हणून त्या कधी थांबवायच्या आणि कधी पुन्हा सुरू करायच्या हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारलेले बरे. तोवर निरोध हा सोपा उपाय आहे. पुढे दिवस राहायला नवा खुबा आड येत नाही. बाळंतपणाच्या वेळी मात्र पाय कसे ठेवायचे हे ठरवण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाला त्याची कल्पना द्यावी लागते.

बारा आठवड्यांनंतर काय? या स्त्रीला तोवर काठीशिवाय चालता येत असेल, एका पायावर क्षणभर उभे राहता येत असेल आणि एक्स-रे चांगला असेल, तर बहुतेक बंधने उठतात. मागून झालेल्या शस्त्रक्रियेत खूप वाकवणे आणि आत फिरवणे हे एकत्र करू नये, एवढा नियम अनेक सर्जन कायमचा ठेवतात. बहुतेक जोडप्यांना या टप्प्यावर शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा मोकळेपणा जाणवतो, कारण मूळ दुखणेच गेलेले असते. पाय उघडताना मांडीच्या आतल्या बाजूला ताण जाणवतो तो वर्षानुवर्षे आखडलेल्या स्नायूंचा. व्यायामाने तो कमी होतो. शस्त्रक्रियेपूर्वी अनेक वर्षे संबंध नव्हते अशा जोडप्यांत योनीचा कोरडेपणा किंवा पुरुषाला ताठरता न येणे ही वेगळी अडचण असू शकते. तिचा सांध्याशी संबंध नसतो, तिच्यावर वेगळा उपचार असतो.

सांधा निखळला तर

निखळणे ओळखायला अवघड नसते. एकदम ‘खट्’ झाल्यासारखे वाटते, जांघेत किंवा कुल्ह्यात तीव्र कळ येते आणि पायावर भार देताच येत नाही. मागे निखळला असेल तर पाय आखूड दिसतो आणि गुडघा आत वळून बसतो. पुढे निखळला असेल तर पाऊल बाहेर फिरलेले दिसते. अशा वेळी पाय ओढून, फिरवून जागेवर आणण्याचा प्रयत्न घरात कोणीही करू नये. त्याने हाड मोडू शकते किंवा नस दुखावू शकते. आहे त्या स्थितीत पायाला उशांचा आधार द्यावा आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सांधा भूल किंवा गुंगी देऊन बसवावा लागतो, म्हणून पाणी-चहासुद्धा देऊ नये. काय करताना हे झाले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असे सांगितले तर सांधा कोणत्या हालचालीत निसटतो हे त्यांना कळत नाही, आणि पुढची बंधने त्यावरच ठरायची असतात.

पोटरी दुखून सुजणे, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत टोचणे ही लक्षणे निखळण्याची नसून गुठळीची असू शकतात आणि त्यांनाही तितकीच तातडी असते. जखम लाल, गरम होणे किंवा वाहू लागणे हे जंतुसंसर्गाचे चिन्ह असते. अशा वेळी सर्व थांबवून सर्जनला दाखवावे आणि औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने प्रतिजैविक घेऊ नये.

एकदा निखळलेला सांधा बहुतेक वेळा न कापता बसवता येतो. त्यानंतर मात्र मोजणी पहिल्या दिवसापासून होते, म्हणजे पुन्हा सहा ते बारा आठवडे जुनी सगळी बंधने पाळावी लागतात, कधी कंबरेला पट्टा बांधावा लागतो. तो दुसऱ्यांदा निखळला तर वाटी कोणत्या कोनात बसली आहे हे सीटी स्कॅनने तपासतात आणि दोष तिथे असेल तर वाटी बदलण्याचा किंवा अधिक स्थिर प्रकारचा गोळा बसवण्याचा निर्णय घेतला जातो.